परीक्षकाचं एक म्हणणं पटलं, एक नाही

मागच्या पावसाळ्यात मी इथे लिहिलं होतं की प्रेसशॉपमध्ये काम करणाऱ्या पेशंटच्या कानांवरचा एक छोटा शोधनिबंध जर्नलला पाठवला आहे. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "डॉक्टर, छापून आलं का?" दरम्यान जे झालं ते आज सांगतो. निबंधापेक्षा मला त्या मधल्या पत्रव्यवहारानेच जास्त शिकवलं, आणि त्यात माझ्या एका पेशंटला मी सांगितलेली चुकीची गोष्टही सापडली.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझा दवाखाना चाकणला, पुणे-नाशिक हायवेपासून आत एका गल्लीत आहे. कान-नाक-घसा बघतो. संध्याकाळी सहानंतर जे पेशंट येतात त्यातले निम्मे अंगावर कंपनीचा शर्ट घालूनच येतात. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, खोलीवर जाऊन चहा-आंघोळ होते आणि मग दवाखाना. तक्रार बहुतेकदा "कानात कुंई वाजतंय" अशी असते. ऐकू कमी येतं असं स्वतःहून कुणी म्हणत नाही, ते बायको सांगते किंवा खोलीवरचे मित्र सांगतात की हा टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतो.

अशा पेशंटची मी ऑडिओमेट्री करतो. कानावर हेडफोन लावायचा, वेगवेगळ्या स्वरांचे बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. खालच्या, जाड स्वरापासून (२५० किंवा ५०० हर्ट्झ) वरच्या, बारीक स्वरापर्यंत (८००० हर्ट्झ) प्रत्येक स्वर किती हळू केला तरी ऐकू येतो ते डेसिबलमध्ये मांडायचं. आकडा जितका लहान तितका कान चांगला. साधारण २५ पर्यंत ठीक समजतात. या आकड्यांचा जो आलेख निघतो तो ऑडिओग्राम.

सततच्या मोठ्या आवाजाने खराब झालेल्या कानाचा ऑडिओग्राम एका विशिष्ट आकाराचा असतो. खालचे स्वर ठीक असतात, ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा एकदम खाली जाते आणि ८००० ला पुन्हा वर येते. मी पेशंटना याला रस्त्यातला खड्डा म्हणून दाखवतो. हा खड्डा तिथेच पडायचं एक कारण आपल्या कानाच्या नळीची लांबी. ती नळी ३००० हर्ट्झच्या जवळचे आवाज बासरीसारखी वाढवून आत पाठवते, आणि आतल्या शंखात त्याच्या जरा वरच्या स्वराच्या पेशींना सगळ्यात जास्त मार बसतो. वयाने येणाऱ्या बहिरेपणात असं होत नाही. तिथे रेषा वरच्या स्वरांकडे उतरत जाते ती उतरतच जाते, ८००० ला वर येत नाही. अर्थात वय आणि आवाज दोन्ही असतील तर खड्डा बुजून उतार होतो, म्हणून पन्नाशीपुढच्यांना मी या कामात घेतलंच नव्हतं.

पॉवर प्रेस, फोर्जिंग हॅमर, ग्राइंडिंग अशा ठिकाणी काम करणारे काही पेशंट घेतले. त्यांच्या परवानगीने ऑडिओग्राम गोळा केले. खड्डा किती जणांना आहे आणि किती खोल आहे ते मांडलं. निबंधाच्या नावात "कायमचा श्रवणदोष" असे शब्द होते. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच मला पकडलं.

जर्नलला निबंध पाठवला की संपादक तो त्या विषयातल्या दोघा-तिघांना वाचायला देतो. ते कोण, हे लेखकाला सहसा कळत नाही. ते आपापले आक्षेप लिहून पाठवतात आणि संपादक ते लेखकाकडे धाडतो: सुधारणा करा, किंवा का करत नाही ते सांगा. या उत्तराच्या पत्रावर पुढचं सगळं अवलंबून असतं. माझ्या निबंधाला दोन परीक्षक होते आणि किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर दोघांचा मिळून दोनच मुद्द्यांवर भर होता.

पहिल्याने लिहिलं होतं की या चाचण्या ध्वनिरोधक कक्षात झालेल्या नाहीत, साध्या दवाखान्याच्या खोलीत झाल्या आहेत, बाहेरच्या आवाजामुळे आकडे विश्वासार्ह नाहीत, तेव्हा ही माहिती निबंधातून काढून टाकावी.

दुसऱ्याने विचारलं होतं की चाचणीच्या आधी कामगार किती तास आवाजापासून दूर होते. शिफ्ट संपल्यावर लगेच तपासलं असेल तर दिसलेला दोष तात्पुरता असू शकतो, मग त्याला कायमचा कसं म्हणता?

पहिला आक्षेप वाचून माझा जो संताप झाला तो आता लपवत नाही. रात्री साडेअकराला मी उत्तराचा मसुदा लिहिला. त्यात "परीक्षकांनी कधी चाकणला यावं" असं एक वाक्य होतं. आणखी एक असं होतं की परीक्षकांना आमची पद्धत समजलेली दिसत नाही. दुसरा आक्षेप मला किरकोळ वाटला. त्याला मी दोन ओळींत उडवून लावलं: पेशंट संध्याकाळी येतात, शिफ्ट दुपारी सुटते, मध्ये पुरेसा वेळ जातो.

सकाळी हा मसुदा माझ्या एका जुन्या सरांना दाखवला. त्यांनी अशी पत्रं आयुष्यभर लिहिली आहेत आणि परीक्षक म्हणून वाचलीही आहेत. ते म्हणाले, "जिथे तू भांडतोयस तिथे तुझं बरोबर आहे, पण भांडण नको, पुरावा दे. आणि जिथे तू उडवून लावलंयस तिथे तुझं साफ चुकलंय. ते आधी दुरुस्त कर. एक चूक मोकळेपणी मान्य केलेली दिसली की दुसऱ्या ठिकाणचा नकार संपादक गांभीर्याने वाचतो." "समजलेलं दिसत नाही" या वाक्यावर त्यांनी लाल रेघ मारली. एका जाणत्या वाचकाला आपलं लिहिणं समजलं नसेल तर ते नीट लिहिलेलं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं, म्हणाले. मग मी दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात केली.

मोठ्या आवाजात आठ तास काढल्यावर कान काही काळ बधिर होतो. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीशेजारी नाचून आलं की रात्रभर कान बंद वाटतात आणि सकाळी मोकळे होतात, तो अनुभव सगळ्यांना आहे. आतल्या शंखातल्या केसांसारख्या नाजूक पेशी थकलेल्या असतात, मेलेल्या नसतात. हा तात्पुरता दोषही ४००० हर्ट्झच्या आसपासच दिसतो, म्हणजे थकलेल्या आणि मेलेल्या पेशींचा खड्डा एकाच जागी पडतो. एकट्या ऑडिओग्रामवरून कोणता तो सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत कामगाराच्या पहिल्या चाचणीआधी किमान १४ तास कामाच्या ठिकाणचा आवाज नको, अशी अट आहे. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. माझे पेशंट साडेतीनला सुटून सहा-सातला माझ्यापुढे बसत होते. चौदा तासांच्या जागी जेमतेम तीन-साडेतीन तास, त्यातही अर्धा तास हायवेवर मोटरसायकल.

मग उपाय काय? निबंधातून "कायमचा" हा शब्द काढून मोकळं होता आलं असतं. पण मग प्रश्नच शिल्लक राहतो. परत तपासणं भाग होतं, आणि इथे आपल्या भागातली एक सोय कामाला आली. आपल्या एमआयडीसीत बहुतेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी दुपारी साडेतीनला सुटलेला माणूस शुक्रवारी सकाळी सहाला तपासला तर मध्ये साडेअडतीस तास मिळतात. पहिली शिफ्ट सातला, कंपनीची बस त्याआधी चौकात येते, म्हणून आम्ही सलग काही शुक्रवार पहाटे साडेपाचला दवाखाना उघडला. कॉलवर होते त्या सगळ्यांना निरोप दिले: गुरुवारी ओव्हरटाइम नको, डीजे नको, कानात इअरफोन नको, गावाकडे ट्रॅक्टर चालवायचा नाही. गुरुवारी ओव्हरटाइम लागलेल्यांना पुढच्या आठवड्याला ढकललं. काहींनी काम बदललं होतं, काही गावी गेले होते, ते सुटले. चाकणच्या कंत्राटी माणसाला सहा महिन्यांनी त्याच नंबरवर गाठणं हाच एक शोधनिबंधाचा विषय आहे.

एकच माणूस दोनदा तपासला तरी ५ डेसिबलचा फरक सहज पडतो. बटण दाबायला उशीर, हेडफोन जरा सरकलेला, झोप अपुरी. म्हणून आम्ही आधीच ठरवून टाकलं की ४००० हर्ट्झला १० किंवा जास्त सुधारणा झाली तरच तिला सुधारणा म्हणायचं. हे आकडे बघण्याआधी ठरवणं महत्त्वाचं. नंतर ठरवलं की आपल्या सोयीची रेघ ओढायचा मोह होतो.

आता दोन माणसांचं सांगतो. त्यांना विचारून लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिले चाळिशीतले, सतरा-अठरा वर्षं प्रेसवर. संध्याकाळच्या चाचणीत त्यांचा आकडा ४००० ला ६५ होता. शुक्रवारी पहाटे ६० आला. पाचाचा फरक, म्हणजे आमच्या हिशेबी काहीच नाही. त्यांचा खड्डा खरोखर कायमचा आहे.

दुसरा तेवीस वर्षांचा, मराठवाड्यातून आलेला, ठेकेदाराकडून प्रेसवर लागून जेमतेम आठ महिने झालेला. संध्याकाळी त्याचे आकडे होते: ३००० ला २५, ४००० ला ४०, ६००० ला ३०, ८००० ला १५. नमुनेदार खड्डा. हा आलेख दाखवून मी त्याला त्या वेळी सांगितलं होतं की ही नस परत येत नाही, जे गेलं ते गेलं. त्याने तेव्हा एकच विचारलं होतं, "हा रिपोर्ट कंपनीत जाईल का सर?" पोलीस भरतीची तयारी करत होता, हे मला नंतर कळलं. माझ्या त्या एका वाक्यानंतर त्याने पहाटेचं पळायला जाणं सोडलं होतं.

शुक्रवारी पहाटे त्याचे आकडे आले: ३००० ला १५, ४००० ला २०, ६००० ला २०, ८००० ला १५. ४००० ला पूर्ण २० डेसिबलची सुधारणा. खड्डा बुजलेला. मी चाचणी पुन्हा केली, तेच आलं.

त्याची मी माफी मागितली. आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की आधीचा थकलेला कान होता आणि हा विसावलेला आहे. त्याला आधी खरं वाटेना. मग म्हणाला, "म्हणजे बोळा घातला तर राहील हा असाच?" घातला तर बराच वाचेल, असं मी सांगितलं. पण "तात्पुरतं" म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि नस यांच्यातले काही जोड कायमचे तुटलेले असतात. माणसांत ते नेमकं किती घडतं यावर अजून काम चालू आहे. रोज संध्याकाळी कान बधिर होतोय याचा अर्थ आवाज जास्त आहे आणि संरक्षण कमी पडतंय, एवढं मात्र नक्की.

बाकीच्यांचं काय झालं? जुन्या लोकांचे खड्डे बहुतेक तसेच राहिले. वर्षाच्या आतबाहेर लागलेल्यांतले बरेच बुजले. मधल्यांचे उथळ झाले पण गेले नाहीत. म्हणजे निबंधाचं मूळ म्हणणं टिकलं, पण मी ते जितकं मोठ्याने म्हणत होतो तितकं ते मोठं नव्हतं. दुसऱ्या परीक्षकाला लिहिलेलं उत्तर असं होतं (मूळ इंग्रजीत, मराठीत सांगतो):

"परीक्षकांचा आक्षेप योग्य आहे. आमच्या पहिल्या चाचण्या शिफ्टनंतर तीन ते चार तासांत झाल्या होत्या आणि त्यांवरून दोष कायमचा आहे असं म्हणता येत नव्हतं. जे कामगार पुन्हा येऊ शकले त्यांची साप्ताहिक सुट्टीनंतर, कामावर जाण्यापूर्वी फेरतपासणी केली आहे. निष्कर्ष आता फक्त या फेरतपासणीवर आधारलेले आहेत. जे येऊ शकले नाहीत त्यांची माहिती वेगळी दाखवली असून त्यांच्याबाबत 'कायमचा' हा शब्द वापरलेला नाही. शीर्षक बदललं आहे."

त्यापुढे बदललेली वाक्यं पान आणि ओळ क्रमांकासह. सबब एकही नाही. "पेशंट संध्याकाळीच येऊ शकतात" हे खरंच होतं, पण ते कारण लिहून उत्तर मऊ करायचा मोह मी टाळला. आम्ही काय केलं नव्हतं आणि आता काय केलं, एवढंच.

आता पहिला आक्षेप. इथे मला नाही म्हणायचं होतं, आणि नाही म्हणण्याआधी समोरच्याचं किती बरोबर आहे ते मोजायचं होतं.

त्यांचं बरोबर होतं ते असं. आमची खोली ध्वनिरोधक नाही. खिडकीला जाड गोधडी टांगलेली, पंखा बंद, दाराला फोमची पट्टी. तरी हायवेवरच्या ट्रेलरची घरघर येतेच. बाहेरच्या आवाजात बारीक स्वर दबतो आणि चांगला कानही कमी ऐकतो असं दिसतं. हे सगळं मान्य.

पण कोणता आवाज कोणत्या स्वराला दाबतो, हा खरा प्रश्न आहे. ट्रकची घरघर, कंप्रेसरचा घोगरा आवाज हे जाड स्वराचे. ते प्रामुख्याने ५०० हर्ट्झ आणि त्याखालच्या चाचणीत अडथळा आणतात. ४००० हर्ट्झचा स्वर त्यांच्यापासून खूप वर आहे. शिवाय हेडफोनची गादी बाहेरचे बारीक आवाज चांगले अडवते आणि जाड आवाज तितके अडवत नाही. घरघर फारच मोठी असेल तर ती वरच्या स्वरांवरही चढते, हेही खरं, पण तसं असतं तर आधी खालचे सगळे स्वर कोसळलेले दिसले असते. बाहेरच्या आवाजाने आलेख डावीकडे, जाड स्वरांकडे बिघडतो. आमचे आलेख उजवीकडे, ४००० ला बिघडलेले होते आणि ८००० ला पुन्हा सुधारत होते.

हे झालं तर्काने. सर म्हणाले होते पुरावा दे. त्याच खोलीत, त्याच मशीनवर, त्याच हेडफोनने, संध्याकाळच्या त्याच वेळेला आम्ही आवाजात काम न करणारी काही माणसं तपासली: आमच्या सिस्टर, शेजारचा मेडिकलवाला, ओळखीच्या दोन शिक्षिका, एका कंपनीतले हिशेब बघणारे. सगळे साधारण त्याच वयाचे. त्यांचा ५०० हर्ट्झचा आकडा २० ते २५ आला, म्हणजे चांगल्या कानाला अपेक्षित असतो त्यापेक्षा वाईट. खोलीचा दोष स्वच्छ दिसला. पण ४००० ला त्यांचे आकडे १० ते १५ होते. एकालाही खड्डा नाही. खोलीने खड्डा पाडला असता तर तो सिस्टरलाही पडला असता.

एक गोष्ट मात्र आम्हाला या निमित्ताने सापडली आणि ती मी पत्रात आपणहून लिहिली. वरच्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळी सातला कुकर लागतो. कुकरची शिट्टी उंच स्वराची असते, आणि ती वाजताना घेतलेला ४००० चा आकडा खोटा येतो. एका शिक्षिकाबाईंच्या चाचणीत हे लक्षात आलं. त्या हसत म्हणाल्या, "डॉक्टर, मला तुमचा नाही, कुकरचा आवाज ऐकू येतोय." त्यानंतर शिट्टी झाली की चाचणी थांबवायची आणि तो स्वर पुन्हा घ्यायचा, असा नियम केला. आधीच्या चाचण्यांत काय झालं असेल? पहाटेच्या फेरतपासणीत कुकर नव्हता, म्हणून तो प्रश्न सुटला. एका परीक्षकाचं ऐकल्याने दुसऱ्याला द्यायचं उत्तर भक्कम झालं, ते असं.

मग पहिल्या परीक्षकाला उत्तर लिहिलं:

"परीक्षकांनी खोलीतल्या आवाजाकडे लक्ष वेधलं याबद्दल आभार. ५०० हर्ट्झच्या आकड्यांवर त्याचा परिणाम झाला आहे हे आम्हाला मान्य आहे; आवाजात काम न करणाऱ्यांच्या चाचणीतही तो दिसला. म्हणून ५०० हर्ट्झचे आकडे विश्लेषणातून वगळले आहेत. मात्र ४००० हर्ट्झची माहिती काढून टाकावी, या सूचनेशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. त्याच खोलीत, त्याच वेळी तपासलेल्या, आवाजात काम न करणाऱ्या व्यक्तींत असा खड्डा आढळला नाही. त्यांचे सर्व आकडे पुरवणी तक्त्यात दिले आहेत. ध्वनिरोधक कक्ष नसणं ही या अभ्यासाची मर्यादा म्हणून स्पष्ट नोंदवली आहे."

"मात्र"च्या आधी तीन वाक्यं मान्य करण्याची, नंतर नकाराचं एकच वाक्य, आणि त्याला लागून लगेच पुरावा. "सहमत होऊ शकत नाही" हे स्पष्ट हवं; गोलगोल लिहिलं तर संपादकाला वाटतं की सूचना विसरले.

या नकाराला मी इतका का चिकटलो तेही सांगतो. ध्वनिरोधक कक्षातली नाही म्हणून माहिती काढायची, तर चाकण, महाळुंगे, तळवडे इथल्या छोट्या दवाखान्यात आलेल्या माणसाच्या कानाची नोंदच कुठे राहणार नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात जाणारा कंत्राटी कामगार मी फार थोडा पाहिला आहे. आवाजाने येणारा श्रवणदोष १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होता, आणि कळवण्याची जबाबदारी तपासणाऱ्या डॉक्टरवरही होती. आधी कुणाला तरी तो दिसायला हवा.

पण याच कारणाने एक गोष्ट मी आमच्या खोलीत करत नाही, आणि निबंधातही तसं लिहिलं: अपंगत्वाची टक्केवारी. ती काढताना ५०० हर्ट्झचा आकडा सरासरीत धरावा लागतो आणि तोच आमच्याकडे भरवशाचा नाही. नुकसानभरपाईचा किंवा दाखल्याचा प्रश्न असेल तर ध्वनिरोधक कक्षातलीच चाचणी लागते. त्या अर्थाने पहिला परीक्षक बरोबरच होता. फक्त तो एका कामासाठीची अट दुसऱ्या कामाला लावत होता.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. दुसऱ्या परीक्षकाने एका ओळीत समाधान कळवलं. पहिल्याने लिहिलं की खोलीबाबतची शंका पूर्ण गेलेली नाही, पण आवाजात काम न करणाऱ्यांचा तक्ता पुरवणीत न ठेवता मुख्य निबंधात आणावा, म्हणजे वाचक आपलं आपण ठरवतील. ही सूचना माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा चांगली होती. तक्ता आत आणला आणि निबंध स्वीकारला गेला. नावात आता "कायमचा" नाही, "साप्ताहिक सुट्टीनंतरही टिकणारा" आहे. लांबलचक आहे, पण आम्ही जे मोजलं तेच सांगतं.

तेवीस वर्षांचा तो मुलगा अजून त्याच प्रेसवर आहे, पिवळे इअरप्लग लावतो. दर सहा महिन्यांनी शुक्रवारी पहाटे येतो आणि मशीन सुरू करायच्या आधी स्वतःच सांगतो, "काल डीजे नाही, इअरफोन नाही, ओव्हरटाइम नाही." आवाजात काम करणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला कान तपासून घ्यायचे असतील तर तसंच करा: सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जाण्याआधी या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आधी किती तास आवाजाबाहेर होतात ते सांगा. माझ्याकडे शुक्रवारी साडेपाचपासून सिस्टर असतात. संध्याकाळी आलात तरी तपासेन, फक्त रिपोर्टवर शिफ्ट किती वाजता सुटली ते लिहीन.